सिनॉप्सिस तपासताना: क्रमांक तुटला, तिथं थांबा

पीएच.डी.चा सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, घेऊन मुलं येतात ती ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यायला. तेही मी करते, पण आधी अनुक्रमणिका आणि आतली शीर्षकं शेजारी ठेवून पेन्सिलीनं क्रमांक जुळवते. क्रमांक तुटतो तिथं मजकूर कापलेला तरी असतो, नाहीतर दुसरीकडून आणलेला. बाकीच्या चुकाही बहुतेक त्याच जागी सापडतात.

निपाणीच्या एका मुलीचं उदाहरण सांगते. विषय होता घरी विड्या वळणाऱ्या बायका. आराखडा मराठीत. त्यात ३.२ नंतर एकदम ३.४.

"३.३ कुठं गेलं गं?"

"मावशी, ते कारखान्यातल्या बायकांचं होतं. गाईड सरांनी काढा म्हटलं की."

भाग काढला, पण त्याची मुळं तशीच होती. चौथं उद्दिष्ट कारखान्याचं, नमुना निवडीत कारखाना, नियोजित प्रकरणांतलं पाचवं प्रकरणही कारखान्यावरच. समितीनं पहिला प्रश्न तिथंच विचारला असता.

पुढं आणखी एक खूण दिसली. सगळे क्रमांक मराठी आकड्यांत आणि संशोधन पद्धतीचा भाग तेवढा इंग्रजी आकड्यांत. वाचलं तर, 'साठ स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या.' हा परिच्छेद तिच्या एम.ए.च्या प्रबंधिकेतून आला होता. आराखड्यात आपलं काम अजून व्हायचं असतं, म्हणून 'मुलाखती घेतल्या जातील' असंच हवं. भूतकाळ ठेवला तर न केलेलं काम केलं म्हटल्यासारखं होतं. पूर्वचाचणी खरोखर झाली असेल तर भूतकाळ योग्यच, मात्र ती कधी आणि किती जणींवर केली ते लिहावं.

दुसऱ्यांचं मत सांगणाऱ्या क्रियापदांचा काळ याहून नाजूक. सुरुवातीला मी सगळीकडे सरसकट भूतकाळ करून टाकायचे. एकदा सीमाप्रश्नावरच्या आराखड्यात दोन वाक्यं होती. महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच ठेवण्याची शिफारस केली, हे पहिलं. महाराष्ट्र हा अहवाल मान्य करत नाही, हे दुसरं. मी दुसऱ्याचं 'मान्य करत नव्हता' केलं. काळ एकसारखा झाला आणि अर्थ उलटला, जणू आता महाराष्ट्रानं तो अहवाल मान्य केलाय! बेळगावात बसून अशी चूक हातून व्हावी याची मला फार लाज वाटली. तेव्हापासून प्रत्येक क्रियापदापाशी विचारते: ही घडून गेलेली गोष्ट आहे, की आजही टिकलेली भूमिका? पाहणी केली, शिफारस केली, आढळलं, या घटना, त्या भूतकाळात. मानतात, मान्य करत नाहीत, या भूमिका, त्या वर्तमानात. 'मांडलं आहे' दोन्हींच्या मध्ये बसतं, पण एकाच परिच्छेदात एकाच लेखकासाठी 'मांडतात', 'मांडलं' आणि 'मांडलं आहे' असं तिन्ही आलं तर वाचणारा अडखळतो.

आता उद्दिष्टं. तिचं पहिलं होतं, 'विडी कामगार स्त्रियांच्या समस्यांचा अभ्यास करणे.' मी तिला विचारलं, तीन वर्षांनी हे पूर्ण झालं की नाही, कशावरून ठरवशील? ती गप्प बसली. मग हळूहळू बोलती झाली. तिची आजी विड्या वळायची. हजार विड्यांवर मजुरी ठरलेली, पण ठेकेदार खराब म्हणून काही बाजूला काढायचा आणि त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. तिला शोधायचं होतं ते हेच, आणि कागदावर त्याचा एक शब्द नव्हता. तासाभरानं वाक्य झालं: 'निपाणी शहरात घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या महिन्याच्या मजुरीत, ठेकेदारानं नाकारलेल्या विड्यांमुळे किती घट होते हे मोजणे.' आता जागा ठरली, माणसं ठरली, मोजायचं काय तेही ठरलं. मुलाखतीत कोणता प्रश्न हवा हेसुद्धा यातूनच निघालं. 'अभ्यास करणे', 'आढावा घेणे', 'प्रकाश टाकणे' ही क्रियापदं दिसली की मी खाली रेघ मारते. ती चूक नाहीत, पण बहुतेक वेळा त्यांच्या मागं नेमका प्रश्न अजून सापडलेला नसतो.

उद्दिष्टं बदलली की भाग पुन्हा सरकतात, म्हणून क्रमांक दुरुस्त करायचे ते सगळ्यात शेवटी. हातानं टाइप केलेले क्रमांक काढून वर्डमध्ये शीर्षकांना `Heading 1`, `Heading 2` लावा आणि ती `Multilevel List` ला जोडा. 'भाग ३.४ पाहा' असे उल्लेखही `Cross-reference` नं घाला आणि अनुक्रमणिका `Table of Contents` नं. मग `Ctrl+A` आणि `F9` दाबलं की उल्लेख आणि अनुक्रमणिका नवी होते. काढलेल्या भागाकडे बोट दाखवणारा उल्लेख राहिला असेल तर तिथं `Error! Reference source not found.` उमटतं. हातानं टाइप केलेला उल्लेख मात्र मुकाट्यानं चुकीचाच राहतो, म्हणून 'पाहा' आणि 'वरील' हे शब्द शोधून एकेक तपासायचे.

त्या मुलीच्या आराखड्यात असा एक राहिलाच होता. 'भाग ३.३ मध्ये सांगितल्याप्रमाणे', अगदी शेवटच्या पानावर.