क्लोरिन की ब्रोमिन? अल्केनच्या हॅलोजनेशनमध्ये कोणते उत्पादित किती मिळेल हे कसे काढावे

प्रकाशात अल्केनवर क्लोरिन किंवा ब्रोमिनची क्रिया केली की एका हायड्रोजनच्या जागी हॅलोजन बसतो. कोणत्या हायड्रोजनच्या जागी तो किती प्रमाणात बसेल, हे कागदावर बऱ्यापैकी अचूक काढता येते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: त्या प्रकारचे हायड्रोजन किती आहेत, आणि त्यातला एकेक हायड्रोजन किती सहज निघतो. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्या उत्पादिताचा वाटा.

2-मिथिलब्युटेन घेऊ, कारण त्यात प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक असे तिन्ही हायड्रोजन आहेत. त्याचे सूत्र (CH3)2CHCH2CH3.

आधी हायड्रोजनचे गट पाडा. बहुतेक चुका इथेच होतात. डावीकडचे दोन मिथिल गट एकसारखे आहेत, म्हणून त्यांचे ६ हायड्रोजन एका गटात जातात. उजव्या टोकाच्या मिथिलचे ३ हायड्रोजनही प्राथमिकच आहेत, पण तिथे हॅलोजन बसला तर वेगळे संयुग तयार होते, म्हणून त्यांचा गट वेगळा. CH2 चे २ द्वितीयक, CH चा १ तृतीयक. एकूण १२. बेरीज रेणूसूत्राशी, म्हणजे C5H12 शी, जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

आता सापेक्ष क्रियाशीलता घ्या. साधारण खोलीच्या तापमानाला क्लोरिनसाठी प्राथमिक : द्वितीयक : तृतीयक हे प्रमाण सुमारे १ : ३.८ : ५ आहे. ब्रोमिनसाठी १२७ अंश सेल्सिअसला ते सुमारे १ : ८२ : १६०० आहे. हे आकडे प्रत्येकी एका हायड्रोजनचे आहेत आणि प्रयोगातूनच काढलेले आहेत. उदाहरणार्थ, ब्युटेनच्या क्लोरिनेशनमध्ये 1-क्लोरोब्युटेन २८ टक्के आणि 2-क्लोरोब्युटेन ७२ टक्के मिळते. २८ ला ६ ने आणि ७२ ला ४ ने भागा: ४.६७ आणि १८. त्यांचे गुणोत्तर ३.८ च्या जवळ येते.

क्लोरिनचा हिशेब असा: ६×१ = ६, १×५ = ५, २×३.८ = ७.६, ३×१ = ३. बेरीज २१.६. म्हणजे 1-क्लोरो-2-मिथिलब्युटेन २८ टक्के, 2-क्लोरो-2-मिथिलब्युटेन २३ टक्के, 2-क्लोरो-3-मिथिलब्युटेन ३५ टक्के आणि 1-क्लोरो-3-मिथिलब्युटेन १४ टक्के. एकही उत्पादित निम्म्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय दोन्ही प्राथमिक क्लोराइड १०० अंशांच्या आसपासच उकळतात, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने ती वेगळी करणे फार अवघड. एकच संयुग हवे असेल तर हा मार्ग वाईट आहे.

ब्रोमिनसाठी तेच गट, त्याच क्रमाने: ६, १६००, १६४, ३. बेरीज १७७३. तृतीयक ब्रोमाइड ९० टक्के, द्वितीयक ९ टक्क्यांहून थोडे जास्त, आणि दोन्ही प्राथमिक मिळून अर्धा टक्का. ‘ब्रोमिन फक्त तृतीयक जागीच बसतो’ असे उत्तर सर्रास लिहिले जाते. मुख्य उत्पादित विचारले असेल तर ते चालते, पण हे ९ टक्के विसरू नयेत.

एवढा फरक का पडतो? प्राथमिक C–H बंध तोडायला सुमारे ४२० किलोज्यूल प्रति मोल लागतात, तृतीयकाला सुमारे ४००. H–Cl बंध तयार होताना ४३१ मिळतात, H–Br तयार होताना ३६६. म्हणजे क्लोरिनचा अणू हायड्रोजन ओढतो तेव्हा दोन्ही ठिकाणी ऊर्जा बाहेर पडते (११ आणि ३१), तर ब्रोमिनला ती खर्चावी लागते (५४ आणि ३४). २० चा फरक दोघांनाही सारखाच आहे. पण क्लोरिनच्या संक्रमण अवस्थेत C–H बंध जेमतेम ताणलेला असतो, मूलक अजून घडलेला नसतो, म्हणून त्याच्या स्थिरतेचा फायदा थोडाच दिसतो. ब्रोमिनच्या बाबतीत बंध जवळजवळ तुटलेला असतो. मूलकाच्या स्थिरतेतला बराचसा फरक सक्रियण ऊर्जेत उतरतो आणि वेग शेकडो पटींनी बदलतो.

हा हिशेब फक्त एकच हॅलोजन बसलेल्या उत्पादितांचा आहे. क्लोरिन जास्त घेतला तर तयार झालेल्या क्लोराइडवरच पुन्हा क्लोरिनेशन होते आणि डायक्लोरो संयुगे मिसळतात, म्हणून अल्केन भरपूर आणि क्लोरिन कमी ठेवावा. तापमान बदलले तर वरचे आकडे तसेच वापरू नका: तापमान वाढले की निवडकता घटते आणि प्रमाण निव्वळ हायड्रोजनच्या संख्येकडे सरकते. क्लोरिनेशन बेंझिनमध्ये केले तर उलट होते. क्लोरिनचा अणू बेंझिनशी सैल जोडला जाऊन मंदावतो आणि तृतीयक हायड्रोजन अधिक निवडतो, त्यामुळे तिथे ५ हा आकडा कमी पडतो.