बऱ्याच वर्षांनी दातांच्या खुर्चीत कसं बसावं

दहा-बारा वर्षं दातांच्या दवाखान्याकडे न फिरकलेल्या माणसाला ‘आता काही दुखत नाही हो’ असं सांगून फारसा फरक पडत नाही. भीती दुखण्याची असतेच. पण खुर्चीत आडवं पडलं, तोंड उघडं, बोलता येत नाही आणि आपण कळवळलो तर समोरचा थांबेल की नाही याची खात्री नाही, ही अवस्था त्याहून जास्त छळते. म्हणून सुरुवात ‘थांबा’ म्हणण्याची सोय करण्यापासून करावी.

ही भीती वाढते कशी, तेही पाहू. अपॉइंटमेंट रद्द केली की क्षणात हायसं वाटतं, आणि ते हायसं वाटणंच भीतीला खतपाणी घालतं. ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच शरीर शिकतं. भीती ओसरेपर्यंत तिथेच बसून राहिलं, तरच त्याला दुसरा धडा मिळतो.

फोनवरच सांगून टाका

फोन करताना आडवळण नको. ‘मी बऱ्याच वर्षांनी येतेय, मला दातांच्या उपचारांची फार भीती वाटते. पहिल्या वेळी फक्त बोलायचं आणि तपासून घ्यायचं आहे. त्या दिवशी इंजेक्शन नको, काम नको. चालेल का?’ सकाळची पहिली वेळ मागा. बाहेर ताटकळत ड्रिलचा आवाज ऐकत बसणं टळतं. ‘या तर खरं, मग बघू’ असं उडवाउडवीचं उत्तर आलं तर दुसरा दवाखाना शोधावा. अशा ठिकाणी पुढची कोणतीच पायरी नीट जमत नाही.

हाताची खूण

बहुतेक डॉक्टर तुमच्या उजव्या बाजूला बसतात, म्हणून खूण डाव्या हाताची ठेवावी. तो अवजारांच्या आड येत नाही. हात वर म्हणजे थांबा, अंगठा वर म्हणजे चालू द्या. एवढ्या दोनच खुणा पुरे.

खूण ठरवली तरी मनाचा तिच्यावर विश्वास बसत नाही, ती वापरून बघावी लागते. तोंडात नुसता आरसा असताना, काही दुखत नसताना, मुद्दाम हात वर करा. आधी सांगून ठेवा: ‘डॉक्टर, मी एकदा उगाचच हात वर करून बघते हं.’ ‘करा की ताई.’ आरसा लगेच बाहेर आला, तर तुमच्या हातात खरोखर काहीतरी आहे हे कळतं. पुढे ड्रिलच्या वेळीही पहिल्या काही सेकंदांतच अशी एक चाचणी घ्या. एक पथ्य मात्र पाळा: हात वर केल्यावरही अवजार तोंडाबाहेर येईपर्यंत डोकं हलवायचं नाही आणि डॉक्टरांचा हात धरायचा नाही, कारण पायाखालचं बटण सोडल्यावरही ड्रिल क्षणभर फिरत राहतं.

थांबणं म्हणजे निघून जाणं नव्हे. थांबा, चूळ भरा, श्वास घ्या, पण खुर्चीतच बसा. सतत हात वर होत असेल तर मोजून काम करायला सांगा: डॉक्टरांनी मोठ्याने पाच अंक मोजेपर्यंत ड्रिल, मग विश्रांती.

श्वासाचा सराव घरीच

खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा दीर्घ श्वास घेऊ पाहणाऱ्याची बहुधा फजिती होते. घाबरलेला माणूस मोठमोठे श्वास ओढतो, त्याने बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर आल्यासारखं होतं आणि भीती आणखी वाढते. भर श्वास सोडण्यावर हवा. नाकाने चार अंक मोजत हलका श्वास आत, सहा अंक मोजत हळू बाहेर. रोज पाचेक मिनिटं, आठवडाभर.

मग दवाखान्यासारखा सराव करा: उताणं पडून, तोंड उघडं ठेवून, श्वास फक्त नाकाने. त्यानंतर बसून तोंडात घोटभर पाणी धरा आणि तसाच श्वास चालू ठेवा. ड्रिलचं पाणी घशाशी साचलं की ‘गुदमरतोय’ असं वाटतं, त्याची तयारी इथे होते. सर्दीने नाक चोंदलं असेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला. हे कारण रास्त आहे.

ज्यांना सुई किंवा रक्त पाहून खरोखर भोवळ येते, त्यांना अंग सैल सोडून उपयोग होत नाही, कारण त्यांचा रक्तदाब खाली जातो. त्यांनी हातपाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद आवळावेत, थोडं सोडावेत, पुन्हा आवळावेत.

पायऱ्या: एक उदाहरण

समजा, पंचेचाळिशीच्या एका बाई आहेत. लहानपणी दाढ काढताना बधिर न झालेल्या जागेवर ओढाताण झालेली. आता एक दाढ किडली आहे, हिरड्यांतून रक्त येतं. त्यांनी भीतीला शून्य ते दहा गुण द्यायचे.

पहिल्या भेटीत खुर्ची सरळ ठेवून नुसत्या गप्पा आणि आरशाने तपासणी. बसताना भीती आठ. पंधरा मिनिटांनी चार झाली की उठायचं. नियम एकच, भीती निम्म्यावर आल्याशिवाय पायरी सोडायची नाही. दुसऱ्या भेटीत खुर्ची आडवी, एक्स-रे आणि खालच्या पुढच्या चार-सहा दातांचंच स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून काढणं. तिसऱ्या भेटीत उरलेले दात. ड्रिल नुसतं हातात घेऊन, तोंडाबाहेर फिरवून आवाज ऐकणं हीसुद्धा स्वतंत्र पायरी आहे. त्यानंतर इंजेक्शन आणि किडलेली दाढ.

भेटी आठवडा-दोन आठवड्यांच्या अंतराने ठेवा. महिने गेले की भीती पुन्हा डोकं वर काढते. एखादी पायरी फारच जड गेली तर मागे न जाता तिचेच दोन तुकडे करा.

इंजेक्शनच्या दिवशी उपाशी जाऊ नका. आधी बधिर करणारं जेल लावायला आणि औषध सावकाश सोडायला सांगा. औषधात बहुधा ॲड्रेनलिन असतं, त्यामुळे काही मिनिटं छातीत धडधडू शकतं. हा भीतीचा झटका नव्हे, पण माहीत नसेल तर माणूस नेमका इथेच उठून पळतो. हृदयविकार असेल तर तसं डॉक्टरांना आधीच सांगा. काम सुरू करण्याआधी ‘बधिर झालंय का, तपासून बघा’ म्हणा. दाब आणि हालचाल जाणवणारच, टोचणारी कळ मात्र नको. सुजलेली, ठणकणारी दाढ पटकन बधिर होत नाही. तिला दुसरं इंजेक्शन लागू शकतं. या बाईंच्या लहानपणी कदाचित तेच राहून गेलं असेल.

पायऱ्यांना वेळ नसतो तेव्हा

गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यापैकी काही असेल तर पायऱ्या बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट रुग्णालय. पायऱ्यांना वेळ नसेल किंवा आरशाची पायरीही जमत नसेल तर हसवणारा वायू किंवा गुंगीचं औषध देऊन उपचार करता येतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं आणि गुंगीनंतर गाडी चालवायची नाही. शेजाऱ्याकडची झोपेची गोळी घेऊन जाणं धोक्याचं आहे, खुर्चीत नेमकं काय देता येईल याचा डॉक्टरांचा हिशेबच त्याने चुकतो.