केसच्या फोटोवरून टीचिंग नोट करताना या चुका टाळा

व्यवस्थापनाच्या वर्गात चर्चेला घेतात त्या छापील केसचे फोटो काढून मोबाइलने मजकूर उचलला की शब्दांतल्या चुका लगेच डोळ्यांत भरतात. आकड्यांतल्या मात्र लपून राहतात, कारण चुकलेला आकडाही आकड्यासारखाच दिसतो. टीचिंग नोटचा, म्हणजे केस शिकवण्यासाठी शिक्षकाने केलेल्या टिपणाचा, घात बहुधा तिथेच होतो.

समजा, वेंगुर्ल्यातल्या एका काजू कारखान्याची केस आहे. हंगामात कर्ज काढून वर्षभराची बी भरून ठेवायची का, हे मालकाला एप्रिलअखेर ठरवायचंय. परिशिष्टात बीचा भाव किलोला १२० रुपये, गराचा उतारा २८ टक्के, भाजणी-फोडणी-सोलणीचा खर्च किलो गरामागे १५० आणि गराचा विक्रीभाव ६४० रुपये आहे. पान शिवणीकडे वाकलेलं, त्यावर सावली पडलेली, त्यामुळे इंग्रजी छपाईतल्या ८ चा ३ झाला. उतारा २३ टक्के धरला, तर किलो गराला ५२२ रुपयांची बी लागते आणि किलोमागे ३२ रुपये तोटा दिसतो. खऱ्या २८ टक्क्यांवर बीचा खर्च ४२९ होतो आणि ६१ रुपये सुटतात. एका अंकामुळे केसचा मुख्य प्रश्नच ‘भांडवल कुठून आणायचं’ याऐवजी ‘कारखाना चालवायचा का’ असा होऊन बसतो.

म्हणून तक्त्याचं पान सपाट दाबून, खिडकीच्या उजेडात वेगळं टिपा आणि प्रत्येक आकडा फोटोशी ताडून पाहा. केसमधलाच दुसरा आकडा साक्षीला घ्या. मजकुरात कुठे १,००० किलो बीतून २८० किलो गर निघाल्याचं असेल, तर २३ चुकीचं हे तिथेच कळतं.

दुसरी चूक म्हणजे लक्षणांनाच मुद्दे म्हणणं. ‘पावसाळ्यात कारखाना बंद असतो’ हे लक्षण झालं. मुद्दा असा की बी मार्च ते मेमध्ये येते, गराची विक्री वर्षभर चालते आणि मधल्या काळात पैसा गोदामात अडकतो.

पर्याय लिहिताना मालकाला आवडलेला एकच पर्याय सजवू नका. सगळी बी आत्ता भरणं, लागेल तशी व्यापाऱ्याकडून घेणं, दुसऱ्यांची बी मजुरीवर फोडून देणं आणि आहे तसंच चालवणं, हे चारही पर्याय हवेत. प्रत्येकापुढे लागणारं भांडवल, किलोमागची शिल्लक आणि फसला तर होणारं नुकसान लिहा. बँकेचं व्याज केसमध्ये दिलं नसेल, तर मनाने घालू नका. तो आकडा विद्यार्थ्यांनी कुठून मिळवावा, तेवढं नोंदवा.

चर्चेच्या प्रश्नांत ‘कर्ज घ्यावं का?’ विचारलं, तर वर्ग हो आणि नाहीत वाटला जातो आणि चर्चा संपते. त्याऐवजी विचारा, ‘लागेल तशी बी घेतली, तर कोणत्या भावापर्यंत कारखाना तोट्यात जाणार नाही?’ याचं उत्तर नोटमध्ये गणितासकट असू द्या: ६४० मधून १५० वजा केले की ४९० उरतात, त्याचे २८ टक्के म्हणजे साधारण १३७ रुपये. पुढचा प्रश्न यातूनच निघतो: पावसाळ्यात भाव १४० झाला, तर मालकाने कारखाना बंद ठेवायचा, की मजुरीवर फोडणी घ्यायची?