थंडीतल्या भरतीचे १०० मीटर: स्नायू गरम कसे करावेत आणि नंबर येईपर्यंत गरम कसे ठेवावेत

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला मुलं-मुली पहाटेच मैदानावर येऊन बसतात. हिवाळा असेल तर नाशिक किंवा विदर्भाच्या बाजूला गारठा चांगलाच असतो. तिथे पोचल्यावर बहुतेक जण लगेच वॉर्मअप करून घेतात, मग रांगेत बसतात, आणि तासाभराने चेस्ट नंबर पुकारला की तसेच उठून १०० मीटर पळतात. पहाटे गाळलेल्या घामाचा तोवर काहीच उपयोग उरलेला नसतो. असं का होतं हे आधी समजून घेऊ, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

आधी घरी एक प्रयोग करा

बादलीत गार पाणी घ्या, त्यात थोडा बर्फ टाका. टेबलावर पहिल्या बोटाने दहा सेकंद जमेल तितक्या जलद टकटक करा आणि मोजा. मग तोच हात कोपरापर्यंत पाच-सात मिनिटं पाण्यात ठेवा. कोपरापर्यंत अशासाठी, की बोटं हलवणारे बरेचसे स्नायू बोटांत नसून कोपर ते मनगट या भागात असतात. नुसता पंजा बुडवून अर्धाच परिणाम दिसेल. हात पुसून पुन्हा टकटक करा. आकडा घसरलेला दिसेल. बोट खाली जातं, पण वर यायला वेळ लावतं. आता मूठ घट्ट आवळून बघा. ती मात्र जवळजवळ पहिल्यासारखीच आवळली जाते. (मधुमेहामुळे हाताला बधिरपणा असेल किंवा थंडीत बोटं पांढरी पडत असतील तर हा प्रयोग करू नका.)

गारठ्याचा मोठा फटका ताकदीपेक्षा वेगाला बसतो, हे यातून कळतं.

नसांमुळे किती फरक पडतो?

मेंदूकडून निघालेला संदेश नसेतून विजेच्या लहरीसारखा जातो. नसेच्या आवरणात सोडियमसाठी सूक्ष्म दारं असतात. ती एकापाठोपाठ एक उघडत जातात तशी लहर पुढे सरकते. ऊब असेल तर ही दारं लवकर उघडतात आणि लवकर मिटतात. हातापायांच्या नसांत संदेशाचा वेग साधारण सेकंदाला ५० मीटर असतो, आणि एका अंशाने तो दीड-दोन मीटरने बदलतो. म्हणूनच नसांची तपासणी करणारे तंत्रज्ञ रुग्णाचा हात गार लागला तर आधी तो शेकून घेतात. नाहीतर धडधाकट माणसाची नसही कागदावर आजारी दिसते.

आता हिशोब करू. कमरेच्या मणक्यापासून पोटरीपर्यंत अंतर सुमारे एक मीटर. ५० च्या वेगाने संदेशाला २० मिलिसेकंद लागतात. नस तीन अंशांनी गरम झाली आणि वेग ५६ झाला, तर साधारण १८ लागतात. म्हणजे वाचले फक्त दोन मिलिसेकंद. स्टार्टला त्याने काही उजेड पडत नाही. आणखी एक समज सर्रास ऐकू येतो, की गरम नस ‘जास्त करंट’ देते. उलट, गरम नसेतली प्रत्येक लहर आखूड आणि थोडी लहानच असते. ती फक्त लवकर पोचते, आणि दारं लवकर मिटल्यामुळे पुढच्या लहरीला लवकर वाट मिळते.

खरा फायदा स्नायूच्या आतला आहे.

स्नायूत काय घडतं

संदेश पोचला की स्नायूच्या तंतूत कॅल्शियम सुटतं, आणि मायोसिनची टोकं शेजारच्या अ‍ॅक्टिनच्या धाग्याला पकडून ओढू लागतात. हे रस्सीखेचीसारखं आहे. हात पकडतात, ओढतात, सोडतात, पुढे सरकून पुन्हा पकडतात. ऊब वाढली की रस्सीवरचे हात फारसे वाढत नाहीत, पण प्रत्येक हाताची पकड-सोड झपाट्याने होते. रस्सी जागची हलणारच नसेल तर यातून फार काही मिळत नाही. म्हणून मूठ तेवढीच आवळली गेली. (स्नायू फारच गारठला तर मात्र आवळण्याची ताकदही घटते.) रस्सी वेगाने खेचायची असेल तेव्हा मात्र सगळा फरक इथेच पडतो. आखडलेला स्नायू सैल करण्यासाठी कॅल्शियम परत ओढून घेणारे पंपही गारठ्यात मंदावतात. बोट वर यायला वेळ लागला तो त्यामुळे.

मग गरम स्नायू ‘जास्त जोर’ लावतो असं का म्हणतात? कारण जोरात पळताना पाऊल जमिनीला जेमतेम एक दशांश सेकंद टेकतं. स्नायूला पूर्ण जोर उभा करायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्या एक दशांश सेकंदात जेवढा जोर तयार होईल तेवढाच जमिनीला मिळतो, आणि गरम स्नायूचा जोर लवकर चढतो.

१९८७ साली सार्जंट नावाच्या संशोधकाने हे मोजून दाखवलं. माणसांचे पाय ४५ मिनिटं ४४, १८ किंवा १२ अंशांच्या पाण्यात ठेवायचे आणि मग व्यायामाच्या सायकलवर २० सेकंद जीव तोडून पेडल मारायला लावायचं. मांडीच्या आत तीन सेंटिमीटरवर तापमान एरवी ३६.६ अंश होतं. गरम पाण्याने ते ३९.३ वर गेलं आणि पायाची शक्ती ११ टक्क्यांनी वाढली. सर्वांत थंड पाण्याने ते २९ वर आलं आणि शक्ती २१ टक्क्यांनी घटली. पेडलचा वेग जितका जास्त, तितका हा फरक मोठा होता.

पायरी १: वेळ उलटी मोजा

मैदानावर पोचल्याची वेळ विसरा, नंबर कधी येईल ते धरा. समजा तुमच्या गटाला १०० मीटरसाठी सात वाजता घेणार असं दिसतंय. मग वॉर्मअप ६.३० ला सुरू करून ६.५० ला संपवायचा. तोपर्यंत स्वेटर, ट्रॅक पँट, मोजे अंगावर ठेवून बसा, आणि गार फरशीवर किंवा ओल्या गवतावर न बसता बॅगेवर बसा.

पायरी २: आठ-दहा मिनिटं जॉगिंग, कपड्यांसकट

स्नायू स्वतः काम करतो तेव्हाच आतून तापतो. पहिल्या तीन-पाच मिनिटांत तापमान झपाट्याने चढतं, मग चढ मंदावतो. वेग असा ठेवा की शेजारच्याशी तुटक का होईना, बोलता येईल. कपाळावर आणि मानेवर ओल जाणवली की पुरे.

शेकोटी आणि मलम यांच्या भरवशावर राहू नका. शेकोटीने कातडी भाजल्यासारखी होते, पण तीन सेंटिमीटर आतल्या मांसापर्यंत ऊब फारशी पोचत नाही. प्रयोगात गरम पाण्यालाही पाऊण तास दिला होता, हे आठवा. मलम चोळून ‘आग’ होते ती कातडीच्या संवेदनेची.

पायरी ३: हलते व्यायाम, चार-पाच मिनिटं

पाय पुढे-मागे झुलवणं, चालत लंजेस, गुडघे उंच उचलून पळणं, टाचा मागे मारत पळणं. ताण देऊन एकाच स्थितीत मिनिट-मिनिट थांबणं आत्ता नको. तसं केल्याने पुढचा काही काळ उडी आणि धाव दोन्ही थोडी मंदावते. अंग मोकळं करायचं ते संध्याकाळी घरी.

पायरी ४: तीन धावा

४०-५० मीटरच्या तीन धावा. पहिली निम्म्याहून थोड्या जास्त वेगाने, दुसरी त्याहून जोरात, तिसरी जवळजवळ पूर्ण वेगाने. मध्ये दीड-दोन मिनिटं चालत परत या, घाई नको. तिसऱ्या धावेत पावलं आपोआप पटापट पडायला हवीत. ती जड वाटली तर दोनच शक्यता आहेत. एकतर अजून तापला नाहीत, किंवा जॉगिंगमध्येच दमलात. श्वास अजून वर-खाली होत असेल तर दमलात. तसं असेल तर पुढच्या वेळी जॉगिंगचा वेग कमी करा.

अकॅडमीत सराव करताना एकदा हे तपासून घ्या. एका सकाळी मित्राकडून थंड अंगाने ३० मीटरची वेळ घ्या, पण पूर्ण जोर लावू नका, स्नायू दुखावेल. दुसऱ्या सकाळी तेच वॉर्मअपनंतर करा. घड्याळातला फरक स्वतः बघितलेला बरा.

पायरी ५: रांगेत ऊब टिकवा

बहुतेकांचं गणित इथे चुकतं. फुटबॉलच्या मध्यंतराच्या १५ मिनिटांत नुसतं बसून राहिलेल्या खेळाडूंच्या मांडीचं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलेलं मोजलं गेलं आहे, आणि त्यांचा धावण्याचा वेगही त्यासोबत घसरला. मध्येच थोडा हलका व्यायाम केलेल्यांचा वेग टिकला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचे ट्रॅक सायकलपटू शर्यतीआधी विजेवर तापणारी पँट घालून बसत, ती याच कारणासाठी.

तुमच्याकडे साधी ट्रॅक पँट आहे, तीच वापरा. ती नंबर पुकारेपर्यंत काढू नका. बनियन घामाने ओलं झालं असेल तर बदला, कारण वाऱ्यात ओला कपडा अंगाची ऊब झपाट्याने ओढतो. दर पाच-सहा मिनिटांनी उभं राहून मिनिटभर जागेवर पळा, पोटऱ्यांवर दहा-पंधरा छोट्या उड्या मारा. नंबर लांबला आणि पाऊण तास गेला, तर पायरी २ निम्म्या वेळात आणि पायरी ४ मधली फक्त शेवटची धाव पुन्हा करा. पूर्ण वॉर्मअप परत केलात तर पायातलं इंधन वाया जाईल, आणि १६०० मीटर अजून बाकी असतील तर ते महागात पडेल.

उन्हाळ्यात यातलं बरंच कापायचं. मैदान आधीच तापलेलं असताना चार-पाच मिनिटांचं जॉगिंग पुरतं, आणि रांगेत ऊब टिकवण्याऐवजी सावली शोधायची. १६०० साठी तर अंग जास्त तापलेलं नकोच. लांब धावेत साचणारी उष्णता माणसाला थांबवते.

गोळाफेकीला हाच नियम हाताला लागू होतो. पायांनी कितीही जॉगिंग केलं तरी दंड-खांदा पायांइतका तापत नाही, म्हणून हात गोल फिरवणं, पाच-सहा जलद जोर आणि रिकाम्या हाताने फेकीच्या चार हालचाली वेगळ्या करा. धातूचा गोळा पहाटे बर्फासारखा असतो आणि बोटांची ऊब शोषून घेतो. तुमची पाळी येईपर्यंत तो हातात धरून उभे राहू नका, हात काखेत किंवा खिशात ठेवा.