सर्टिफिकेटवरचा हिरा आणि हातातला हिरा: पडताळणी कशी करतात

सोलापूरच्या सराफ बाजारात सोन्याची उलाढाल मोठी आणि हिऱ्यांची त्या मानाने बेताची आहे. ज्या पेढीवर मी कामाला लागले, तिथे मोठे सुटे हिरे गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार मुंबईहून मागवले जातात. बहुतेक वेळा आमचा माणूस रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने ते घेऊन येतो आणि सकाळी दुकान उघडताच पुडी मालकांच्या टेबलावर येते. हिऱ्यांना सर्टिफिकेट देणाऱ्या जीआयए आणि आयजीआय या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईत असल्यामुळे शंका आली की खडा लगेच तपासून घेण्याची सोय इथे नाही. त्यामुळे सोबतचे सर्टिफिकेट याच खड्याचे आहे की नाही, हे पेढीतच आणि पैसे देण्याआधी ठरवावे लागते. हे काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी त्याचा क्रम इथे लिहीत आहे.

सर्टिफिकेट म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल, किमतीचा दाखला नव्हे; त्यावर रुपयाचा आकडा कुठेही नसतो. एका विशिष्ट खड्याची मापे आणि त्याच्याविषयीचे प्रयोगशाळेचे मत, असे त्याचे दोन भाग असतात. वजन, व्यास, उंची आणि कोन ही मापे. तर रंगाची D ते Z ही श्रेणी, क्लॅरिटी म्हणजे खड्यात दोष किती हे सांगणारी श्रेणी, आणि गोल ब्रिलियंट म्हणजे नेहमीच्या गोल घडणीच्या हिऱ्याला मिळणारी कटची श्रेणी ही मते. नवखा माणूस सगळा वेळ मतांवर घालवतो, कारण भाव त्यांच्यावर ठरतो. ओळख पटवायला मात्र मते फारशी उपयोगाची नसतात, कारण G रंगाचे आणि SI1 क्लॅरिटीचे हिरे बाजारात अगणित आहेत. ओळख पटते ती मापांवरून आणि हिऱ्याच्या पोटातल्या खुणांवरून.

सर्वांत आधी अहवालाचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. जीआयएसाठी `gia.edu/report-check` आणि आयजीआयसाठी `igi.org` इथे ही सोय आहे. पडद्यावरची माहिती आणि कागदावरची माहिती ओळीने ताडून पाहावी, कारण क्रमांक खरा ठेवून कागदावरची एखादी श्रेणी बदलणे छपाईच्या दृष्टीने अवघड नाही. अहवाल प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याचा आहे का, हेही इथेच दिसते. पण एवढ्याने कागद खरा ठरतो, खडा नाही.

दुसरी पायरी वजनाची. खडा मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसून, चिमट्याने उचलून, कॅरटचे तीन दशांश दाखवणाऱ्या काट्यावर ठेवावा. जीआयए वजन दोन दशांशांपर्यंत छापते आणि तिसऱ्या स्थानी 9 असेल तरच आकडा वर नेते. म्हणजे 1.008 कॅरटचा खडा अहवालावर 1.00 असतो आणि 1.009 चा 1.01 होतो. काट्याने 1.014 दाखवले तर ते 1.01 शी जुळते, 1.023 दाखवले तर काटा पुन्हा शून्यावर आणून, खडा पुन्हा पुसून वजन घ्यावे, आणि तोच आकडा आला तर हा खडा कागदावरचा नाही असे समजावे. हिरा वापरून झिजून हलका होत नाही. कपची उडाली किंवा नव्याने पैलू पाडले तरच वजन घटते, आणि तसे झाले असेल तर जुना अहवाल तसाही त्या खड्याला लागू राहत नाही.

इथपर्यंत बहुतेक जण येतात आणि मग भिंगातून गर्डलवर कोरलेला क्रमांक वाचून काम संपवतात. गर्डल म्हणजे हिऱ्याची कमरेसारखी कड. चिमट्याची एक बाजू टेबलवर, म्हणजे हिऱ्याच्या वरच्या सपाट पैलूवर, आणि दुसरी खालच्या टोकावर येईल असा खडा धरून तो हळूहळू फिरवला, की लेझरने कोरलेली बारीक अक्षरे दहापट भिंगातून दिसतात. क्रमांक सापडला की मन निश्चिंत होते आणि नेमका तिथेच धोका आहे. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यावर एखाद्या नैसर्गिक हिऱ्याच्या खऱ्या अहवालाचा क्रमांक कोरून तो तपासणीला आल्याची प्रकरणे जीआयएने स्वतः जाहीर केली आहेत. असा खडा निवडताना वजन आणि आकार मूळ खड्याच्या शक्य तितके जवळ ठेवलेले असतात. क्रमांक जुळला नाही तर खडा परत करावा. जुळला तर पुढची तपासणी सुरू करावी.

एका दलालाने दाखवायला आणलेला खडा याचे चांगले उदाहरण आहे. अहवाल गोल ब्रिलियंटचा होता: मापे 6.43 ते 6.46 गुणिले 3.98 मिलिमीटर, वजन 1.01 कॅरट, रंग G, क्लॅरिटी SI1, फ्लुओरेसन्स म्हणजे अतिनील प्रकाशातली चमक मध्यम निळी. संकेतस्थळावर नोंद सापडली, काट्याने 1.013 दाखवले आणि गर्डलवरचा क्रमांकही अहवालातलाच होता. मालकांनी मापे घेण्याचे गेज माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “आता व्यास घे. एकदा नाही, खडा फिरवत फिरवत घे.”

व्यास एकदा घेऊन चालत नाही, कारण कोणताही गोल हिरा पूर्ण गोल नसतो. अहवालातले पहिले दोन आकडे म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा व्यास. खडा थोडा थोडा फिरवत आठ-दहा ठिकाणी माप घ्यावे आणि त्यांतली दोन टोके लिहून ठेवावीत. मग टेबलपासून खालच्या टोकापर्यंत उंची घ्यावी. हातातल्या चांगल्या गेजमध्ये 0.01 ते 0.02 मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि तो सोडून द्यावा. आमच्या हाती आलेली मापे होती 6.36 ते 6.39 आणि उंची 4.07. गेजच्या चुकीपेक्षा हा फरक कितीतरी मोठा होता.

वजन तेच असताना मापे वेगळी कशी, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. गोल ब्रिलियंटचे वजन मापांवरून अंदाजाने काढण्याचे एक सूत्र आहे: सरासरी व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले 0.0061. अहवालातल्या मापांना ते लावले तर 6.445 × 6.445 × 3.98 × 0.0061 म्हणजे सुमारे 1.01 कॅरट येते. आम्ही घेतलेल्या मापांना लावले, तर 6.375 × 6.375 × 4.07 × 0.0061 हेही सुमारे 1.01 च येते. व्यास कमी आणि खोली जास्त, म्हणून एकूण वजन तेच राहिले. उंचीला सरासरी व्यासाने भागले की अहवालातली खोलीची टक्केवारी मिळते. कागदावर ती 61.8 होती आणि हातातल्या खड्याची 63.8 भरली. वजन एकाच आकड्यात सांगितले जाते, त्यामुळे दोन खड्यांचे वजन जुळणे अवघड नाही. तीन मापे एकाच वेळी जुळवणे त्याहून कितीतरी कठीण असते, म्हणून माझा भरवसा काट्यापेक्षा गेजवर अधिक आहे.

मापांनीच निकाल लागला होता, तरी मालकांनी शिकवण्यासाठी पुढचेही करून घेतले. पूर्ण अहवालात हिऱ्याच्या दोन आकृत्या असतात, एक वरून पाहिल्याची आणि एक खालून पाहिल्याची. लाल खुणा पोटातल्या दोषांच्या, हिरव्या पृष्ठभागावरच्या दोषांच्या आणि काळ्या रेषा जादा पैलूंच्या. या अहवालात टेबलच्या कडेजवळ एक क्रिस्टल, म्हणजे आत अडकलेला स्फटिक, आणि गर्डलपासून आत गेलेले एक फेदर, म्हणजे पिसासारखी भेग, दाखवले होते. सगळ्या खुणा एकदम शोधू नयेत. जी सर्वांत ठळक असेल ती भिंगात आधी पकडावी, खडा फिरवून ती आकृतीतल्या जागी आणावी, आणि मग बाकीच्या खुणा तिच्यापासून योग्य बाजूला आणि योग्य अंतरावर आहेत का ते पाहावे. खडा उलटा करून खालून पाहताना डावे-उजवे बदलते, म्हणून खालची आकृती वेगळी वाचावी लागते. आमच्या खड्यात टेबलजवळ क्रिस्टल नव्हतेच. मधोमध बारीक काळे ठिपके होते. नंतर दुकानातले दिवे घालवून त्यावर 365 नॅनोमीटरची अतिनील बॅटरी मारली, तर मध्यम निळी चमक सोडाच, खडा काळाच राहिला.

या दोन तपासण्यांच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. SI श्रेणीच्या खुणा दहापट भिंगात सरावाने सापडतात. VVS या त्याहून बऱ्याच स्वच्छ श्रेणीत त्या अनुभवी माणसालाही कष्टाने दिसतात, म्हणून न दिसणे हा तिथे पुरावा ठरत नाही. लहान हिऱ्यांसाठी जीआयए जो डॉसियर नावाचा छोटा अहवाल देते, त्यात आकृती नसते. कधी शेऱ्यात असे लिहिलेले असते की क्लॅरिटीची श्रेणी आकृतीत न दाखवलेल्या क्लाउडवर, म्हणजे अतिबारीक ठिपक्यांच्या पुंजक्यावर, आधारित आहे. तिथेही आकृतीची मदत होत नाही आणि खडा धुरकट तर नाही ना, हे डोळ्याने वेगळे पाहावे लागते. फ्लुओरेसन्सचे म्हणाल तर बॅटरी कमी-जास्त ताकदीची असते, म्हणून ‘नाही’ आणि ‘फिकट’ यांतला फरक धरून निर्णय देऊ नये. ‘मध्यम’ किंवा ‘तीव्र’ लिहिलेला खडा अजिबात चमकला नाही, तर मात्र प्रश्न विचारलाच पाहिजे.

दलालाला खडा परत दिला. तो प्रयोगशाळेत घडवलेला होता की दुसराच नैसर्गिक हिरा, हे आम्हाला सांगता आले नसते आणि मालकांनी ते सांगायचा प्रयत्नही केला नाही. काउंटरवरचा पेनासारखा टेस्टर उष्णता किती वाहून नेली जाते ते मोजतो, आणि घडवलेला हिरा हाही हिराच असल्यामुळे त्यालाही तो हिराच म्हणतो. मापे न जुळल्यावर एवढेच ठरते की हा खडा या कागदावरचा नाही. तो काय आहे, ते प्रयोगशाळाच सांगू शकते.

अंगठीत जडवलेला हिरा आणि जुना अहवाल घेऊन गिऱ्हाईक येते, तेव्हा यातले बरेच करता येत नाही. वजन घेता येत नाही, कोंदण बंद असेल तर व्यासही नाही, आणि पिवळ्या सोन्यात रंग पारखणे व्यर्थ असते. अशा वेळी टेबलची रुंदी घ्यावी. अहवालात टेबल 57 टक्के आणि सरासरी व्यास 6.445 असेल तर ती सुमारे 3.67 मिलिमीटर यायला हवी. टेबलखालच्या खुणा भिंगाने पाहाव्यात, बॅटरी मारावी आणि खडा धरून ठेवणाऱ्या दोन प्राँगच्या मधे क्रमांकाचे काही आकडे दिसतात का ते शोधावे. एवढ्यावर “विसंगती आढळली नाही” इतकेच म्हणता येते. गिऱ्हाइकाला पक्के उत्तर हवे असेल, तर त्याच्या लेखी संमतीने आणि त्याच्यासमोर कारागिराकडून खडा काढून घ्यावा.

पुष्कराज, नीलम, माणिक यांची गिऱ्हाइके आमच्याकडे हिऱ्यांपेक्षा जास्त येतात आणि त्यांच्याही कागदाला हाच क्रम लागू होतो, फक्त वजनाची खबरदारी वेगळी. गिऱ्हाईक रत्तीत बोलते आणि अहवाल कॅरटमध्ये असतो, म्हणून रत्तीचा आकडा कागदाशी थेट ताडू नये. काटा कॅरटवर ठेवूनच वजन घ्यावे. या कागदावर आधी वाचायची ओळ प्रक्रियेची: उष्णता दिली आहे का, भेगांत काच किंवा तेल भरले आहे का. लहान लॅमिनेटेड कार्डावर ही ओळच नसेल, तर खडा नैसर्गिक असूनही काच भरलेला असू शकतो आणि ते कार्ड त्याविषयी काहीच सांगत नाही.

आमच्या पेढीवर खरेदीच्या वहीत अहवालाच्या क्रमांकाशेजारी आम्ही स्वतः घेतलेले तीन दशांशांचे वजन, दोन व्यास आणि उंची लिहिली जाते आणि त्याखाली माप घेणाऱ्याची सही असते. खडा जडवायला कारागिराकडे जाताना आणि परत येताना तीच ओळ पुन्हा तपासली जाते.