पिच डेक: नऊ स्लाइड पटकन उरका, फायनान्शियलवर रात्र घालवा

कॉलेजच्या पोरांचे स्टार्टअपचे पिच डेक बघताना एक गोष्ट कायम दिसते. बाकीच्या नऊ स्लाइडवर महिनाभर रंगरंगोटी चाललेली असते आणि फायनान्शियल प्रोजेक्शनची एक आदल्या रात्री कुठलंतरी टेम्प्लेट उचलून भरलेली असते. स्पर्धेच्या ज्युरीतला माणूस सगळ्यात जास्त वेळ थांबतो ती नेमकी हीच.

त्यामुळे आधी सोपं उरकून टाकू. क्रम असा ठेवा: प्रॉब्लेम, सोल्युशन, प्रॉडक्ट, मार्केट, आतापर्यंत काय विकलं, पैसे कसे मिळणार, कॉम्पिटिशन, टीम, फायनान्शियल, आस्क म्हणजे किती पैसे हवेत ते. दहा झाल्या, बास. व्हेंचर कॅपिटलवाल्या गाय कावासाकीचा दहा स्लाइड, वीस मिनिटं आणि तीस पॉइंटच्या फॉन्टचा नियम जुना आहे पण चालतो, आणि "थँक यू"ची स्लाइड काढा, तिथे आस्कच उघडा राहू दे.

आता फायनान्शियल. "भारतात इतके कोटी लोक कपडे धुतात, आम्ही फक्त एक टक्का घेतला तरी..." असलं काही लिहिलं असेल तर आत्ता खोडा. तो एक टक्का कोण आणणार, कुठल्या दिवशी, कुठल्या बिल्डिंगमधून, याचं उत्तर त्यात नसतं. हिशोब खालून वर करायचा, म्हणजे एका गिऱ्हाइकापासून.

उदाहरण घेऊ. दोन मुलं पार्ले-अंधेरीतल्या पीजींमधून कपडे उचलून, धुऊन, घडी करून परत देतात. महिन्याला १२ किलो, प्लॅन ९०० रुपये. जोगेश्वरीचा लॉन्ड्रीवाला किलोला ४० घेतो म्हणजे ४८० गेले, ने-आण १६०, पिशव्या, टॅग, पेमेंटचे चार्जेस आणि हरवलेल्या शर्टाची भरपाई मिळून ६०. हातात उरले २००. हे सगळे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही दुकानात जाऊन विचारून काढा, गूगल करून नाही.

हे २०० बारा महिने तसेच राहतील असं धरलं की गडबड होते. जून ते सप्टेंबर मुंबईत कपडे दोरीवर वाळत नाहीत, ड्रायर लागतो, लॉन्ड्रीवाला ४८ मागतो. ८ गुणिले १२ म्हणजे ९६ गेले, उरले १०४, जवळपास निम्मे. ज्या शीटमध्ये पावसाळा नाही ती शीट मुंबईची नाही.

दर महिन्याचा ठरलेला खर्च वेगळा लिहा. सॉर्टिंगची खोली १२,०००, पार्टटाइम मदतनीस ८,००० आणि दोघांचा पगार प्रत्येकी १०,०००, एकूण ४०,०००. पगार शून्य दाखवून नफा फुगवणारे खूप बघितलेत. ज्युरीला ते लगेच कळतं, कारण नोकरी लागल्यावर हे काम कोण करणार हा त्यांचा पुढचाच प्रश्न असतो.

मग गिऱ्हाइकं. इथे बहुतेक जण दर महिन्याला वीस टक्के वाढ असं ठोकून देतात आणि चार्ट रॉकेटसारखा वर जातो. त्याऐवजी मोजा: महिन्यात आठ पीजींमध्ये जाता येतं, प्रत्येकी तीन जण घेतात, म्हणजे २४ नवे. प्रत्येकाला आणायला ४०० लागतात, केअरटेकरचे १०० आणि पहिल्या महिन्याची सूट ३००. आणि सोडून जाणारे? धरा महिन्याला दहा टक्के. शीटमधला C2 चा फॉर्म्युला एवढाच आहे, तो उजवीकडे ओढायचा:

```
=B2*(1-$B$10)+$B$11
```

B2 मध्ये मागच्या महिन्याची गिऱ्हाइकं, B10 मध्ये सोडून जाण्याचा दर, B11 मध्ये नवे. दर आणि नवे वेगळ्या सेलमध्येच ठेवा, फॉर्म्युल्यात आकडा कोंबू नका, नाहीतर ज्युरीने "हे बदललं तर?" विचारलं की घाम फुटतो.

आता जे कोणी करत नाही ते करा: नव्यांना सोडून जाण्याच्या दराने भागा. २४ भागिले ०.१० म्हणजे २४०. कितीही वर्षं धावलात तरी गिऱ्हाइकं २४० च्या पुढे जाणारच नाहीत, कारण तिथे महिन्याला जितके येतात तितकेच जातात. २४० गुणिले २०० म्हणजे ४८,००० मिळणार आणि खर्च ४०,००० अधिक नवे आणायचे ९,६०० म्हणजे ४९,६००. म्हणजे हा धंदा छताला टेकला तरी तोट्यातच, आणि चार्टवर ते दिसत नाही कारण चार्ट वरच जात असतो. त्यात मे महिना धरलेलाच नाही, कॉलेजं बंद झाली की निम्मी पोरं गावी.

मग आकडे रंगवायचे नाहीत, प्लॅन बदलायचा. इथे दोन बदल पुरतात: फक्त विद्यार्थ्यांच्या पीजींऐवजी नोकरी करणाऱ्यांचे पीजी धरायचे, ते मे मध्ये कुठे जात नाहीत, आणि चार महिन्यांचा प्लॅन विकायचा म्हणजे लोक टिकतात. सोडून जाणं सहा टक्क्यांवर आलं तर छत ४०० वर जातं. जुलैत सुरू करून हेच शीटमध्ये टाका. पहिल्या वर्षी विक्री साडेतेरा लाखांच्या आसपास आणि तोटा सव्वातीन लाखांच्या आसपास येतो, दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत एकूण खड्डा साधारण ४ लाखांचा होतो आणि ऑक्टोबरमध्ये अडीचशे गिऱ्हाइकांवर महिना पहिल्यांदा जेमतेम बरोबरीत येतो. पुढच्या पावसाळ्यात तो परत तोट्यात जाणार, तेव्हा पावसाळी दर वेगळा लावायचा का हे आत्ताच ठरवा. सहा टक्के हा मात्र अंदाज आहे, तो दोन पीजींमध्ये तीन महिने विकून तपासा आणि स्लाइडवर "तपासलेला" की "धरलेला" ते लिहा.

जीएसटी विसरू नका. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी लागते, आणि महिन्याला ९०० म्हणजे वर्षाला १०,८०० ने भागलं तर ते सरासरी १८५ गिऱ्हाइकांवरच होतं, म्हणजे बरोबरीच्या अडीचशेच्या आतच. म्हणून आजपासूनच किंमत "९०० अधिक टॅक्स" लिहा, टॅक्सचा दर सीएला विचारा. टॅक्स ९०० च्या आतून गेला तर वरचे २०० उरणारच नाहीत.

स्लाइडवर मात्र यातलं थोडंच येतं. वर तिमाहीचं छोटं टेबल: गिऱ्हाइकं, विक्री, खर्च, शिल्लक रोख. खाली चार गृहीतकं: एका गिऱ्हाइकामागे २०० आणि पावसाळ्यात १०४, महिन्याला २४ नवे, सोडून जाणारे सहा टक्के, नवं गिऱ्हाईक ४०० ला. आणि एक ठळक ओळ: सगळ्यात खोल खड्डा ४ लाख, दुसऱ्या वर्षीचा सप्टेंबर. पाच वर्षांचा १०० कोटींचा चार्ट नको, विद्यार्थ्याकडून तो कोणी मागत नाही आणि मागितलाच तर तीन वर्षांची एक ओळ पुरते.

आस्कचा आकडा याच खड्ड्यातून काढा. ४ लाख अधिक त्याच्या निम्मे राखीव, म्हणजे ६ लाख. "५० लाख द्या, मार्केटिंगला ४०%" असलं गोल वर्तुळ काढू नका. ६ लाख कुठे जातील ते सांगा, खोली, पगार, नवे आणायचा खर्च, आणि उरलेले २ लाख पावसाळा लांबला किंवा २४ ऐवजी १६ च आले तर. १६ टाकून शीट चालवून बघितलेली असू द्या, कारण प्रश्न बहुधा तिथूनच येतो.