खिडकीच्या डोक्यावर अर्धवर्तुळ असेल तर या चुका टाळा

पणजीतल्या फोंताइन्हास भागात किंवा कुठल्याही जुन्या चिरेबंदी घरासमोर उभं राहिलं की ही खिडकी दिसते: खाली उघडणारी झडपं, वर रंगीत काचांचं अर्धवर्तुळ आणि भोवती गिलाव्याचा पांढरा पट्टा. दहावीच्या पेपरातली आकृतीही हीच असते, फक्त झडपं नसतात. तिथे परिमिती आणि क्षेत्रफळ विचारतात आणि मुलं ठरावीक दोन-तीन जागीच घसरतात.

एक खिडकी घेऊ. रुंदी ८४ सेंमी, आयताकार भागाची उंची १२० सेंमी, वर अर्धवर्तुळ. त्रिज्या म्हणजे रुंदीची निम्मी, ४२ सेंमी. π ची किंमत २२/७ धरली तर अर्ध्या वर्तुळाची कमान १३२ सेंमी भरते. परिमितीसाठी तळापासून निघायचं: तळ ८४, उजवी बाजू १२०, कमान १३२, डावी बाजू १२०. बेरीज ४५६ सेंमी. क्षेत्रफळासाठी आयताचे १०,०८० आणि अर्धवर्तुळाचे २,७७२ मिळवले की १२,८५२ चौसेंमी होतात.

सगळ्यांत जास्त गुण खाणारी चूक अशी. क्षेत्रफळ काढताना आपण दोन तुकड्यांची बेरीज केली आणि ती बरोबर आली. मग परिमितीलाही तीच सवय लागते. आयताची परिमिती ४०८, व्यासासकट अर्धवर्तुळाची परिमिती २१६, एकूण ६२४. खरं उत्तर ४५६, म्हणजे १६८ सेंमी जास्त, आणि १६८ म्हणजे बरोबर दोनदा ८४. आयत आणि अर्धवर्तुळ जिथे जोडले जातात ती आडवी रेघ आता कडेला नाहीच, खिडकीच्या पोटात आहे. क्षेत्रफळात तुकडे बेधडक मिळवता येतात, कारण कुठलीही जागा दोनदा मोजली जात नाही. परिमितीत मात्र जोडाची रेघ दोन्ही तुकड्यांतून वजा करावी लागते. त्यापेक्षा बोटाने कडेकडेने फिरून यावं हे सोपं.

घरातल्या खऱ्या खिडकीने या गोंधळात भर टाकली आहे. तिथे झडपं आणि वरची काच यांच्यामध्ये खरोखरच एक आडवी पट्टी असते. मेस्ताला लाकूड सांगायचं असेल तर ती पट्टी धरायलाच हवी: ४५६ अधिक ८४, म्हणजे ५४० सेंमी, शिवाय सांध्यांसाठी आणि कमान कापताना वाया जाणारं वेगळं. पण भोवतीचा पांढरा पट्टा आतल्या कडेने मोजला तर तो ४५६ च भरेल. प्रश्न कडेचा आहे की चौकटीच्या लाकडाचा, हे वाचल्याशिवाय पेन उचलू नये.

आता तपासणी. खिडकी पूर्ण मावेल असा एक आयत तिच्याबाहेर काढा. त्याची रुंदी ८४ आणि उंची १२० अधिक ४२, म्हणजे १६२. या बाहेरच्या आयताचं क्षेत्रफळ १३,६०८ आणि परिमिती ४९२. खिडकी त्याच्या आत आहे, वरचे दोन कोपरे तिने सोडून दिले आहेत, म्हणून तिचं क्षेत्रफळ १३,६०८ पेक्षा कमीच असणार. परिमितीही कमीच: आयताच्या कडेने वर चढून, आडवं जाऊन, खाली उतरायला १६८ सेंमी लागतात, कमान तेच अंतर १३२ मध्ये कापते. दुसऱ्या बाजूला, नुसत्या खालच्या आयताची परिमिती ४०८ आणि क्षेत्रफळ १०,०८०. कमान सरळ रेघेपेक्षा लांब असल्यामुळे उत्तर याहून जास्तच हवं. म्हणजे परिमिती ४०८ आणि ४९२ यांच्यामध्ये, क्षेत्रफळ १०,०८० आणि १३,६०८ यांच्यामध्ये.

नेहमीच्या चुका या चाळणीत अडकतात. ८४ लाच त्रिज्या समजलात? परिमिती ५८८ येते, बाहेर. निम्मं करायला विसरून पूर्ण वर्तुळ घेतलंत? क्षेत्रफळ १५,६२४, बाहेर. तळाची बाजू धरायची राहिली? ३७२, हेही बाहेर. प्रश्नात 'एकूण उंची १६२' दिलेली असताना तीच आयताची उंची धरली तर क्षेत्रफळ १६,३८० येतं आणि तेही अडकतं. या शेवटच्या चुकीवर माझा विशेष राग आहे, कारण ती हिशेबाची नसून वाचण्याची आहे. एकूण उंची दिली असेल तर आधी त्रिज्या वजा करा, मग पुढे जा.

बारावीत हीच खिडकी पुन्हा भेटते: परिमिती १० मीटर ठरलेली, जास्तीत जास्त उजेड यावा अशी मापं काढा. त्रिज्या r आणि आयताची उंची h धरली तर

2r + 2h + πr = 10

यातून h काढून क्षेत्रफळात घातला की उरतं

A = 10r − (2 + π/2)r²

डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की r = 10/(4 + π). २२/७ घेतलं तर r बरोबर १.४ मीटर, रुंदी २.८ मीटर आणि h सुद्धा १.४ मीटर येतो. h आणि r सारखे येणं हा योगायोग नाही. परिमिती कितीही दिली तरी हे होतंच, म्हणून उत्तर तपासायला ती खूण धरावी. क्षेत्रफळ ७ चौरस मीटर.

जोडाची आडवी रेघ इथेही घुसली तर समीकरण 4r + 2h + πr = 10 असं होतं. मग r सुमारे ०.९० आणि h सुमारे १.७९ मीटर, म्हणजे h = 2r. खालचा भाग चक्क चौरस होतो! तो चौरस दिसला की समजायचं, व्यास परिमितीत गेला. खात्री करायची तर ही मापं कडेने मोजा: जेमतेम ८.२ मीटर भरतात, आणि कमी पडलेलं १.८ मीटर म्हणजे पुन्हा रुंदीच. प्रश्नात आडव्या पट्टीसकट १० मीटर लाकूड असं स्पष्ट म्हटलं असेल तर मात्र हेच उत्तर बरोबर.

(२.८ मीटर रुंदीची बुटकी खिडकी आपल्या घराला कुणी लावणार नाही ही गोष्ट वेगळी. उजेडाखेरीज पावसाच्या झडीचाही विचार करावा लागतो.)

जुन्या घराची खिडकी प्रत्यक्ष मोजून प्रकल्प करणार असाल तर सूत्र लावण्याआधी एक माप घ्या: कमान जिथून वळू लागते त्या रेघेपासून तिच्या माथ्यापर्यंतची उंची. ती रुंदीच्या निम्मी, आपल्या खिडकीत ४२ सेंमी, भरली तरच पुढचा विचार करा. ८४ सेंमी रुंदीवर ती ३० च भरली तर कमान चपटी आहे. ती वर्तुळाचा तुकडा असली तरी अर्धं वर्तुळ नाही. त्या वर्तुळाची त्रिज्या (42² + 30²) ÷ 60, म्हणजे ४४.४ सेंमी येते आणि केंद्र जोडाच्या रेघेखाली १४.४ सेंमीवर जातं. अशा खिडकीला वरचं कुठलंही उत्तर लागू पडत नाही, आणि माथ्याला टोक असलेल्या कमानीला तर हेही नाही.